मंगल कार्यालयात भव्य सेल लावण्याची शास्त्रोक्त पद्धत

लग्नसराई संपली की मंगल कार्यालयाचं भाडं उतरतं. हॉल तोच, पंखे तेच, स्टेजमागची वेलबुट्टीही तीच. फक्त नवरा-नवरीच्या जागी डबल बेडच्या चादरी येतात आणि बाहेर फ्लेक्स लागतो : 'भव्य सेल, फक्त ३ दिवस'. या धंद्यात उतरू पाहणाऱ्या होतकरूंना आजवर कुणी नीट मार्गदर्शन केलेलं नाही. जो तो बघून-बघून शिकतो, त्यामुळे चुका होतात आणि काही ठिकाणी तर गिऱ्हाइकाला खरी किंमत कळल्याचे प्रकारही घडले आहेत. ती उणीव भरून काढण्यासाठी हे टिपण.

आधी माल निवडा. कांदे, दूध, चहापावडर यांच्या वाटेला जाऊ नका. कांद्याचा भाव घरात सगळ्यांना पाठ असतो. तिथे तुम्ही 'शंभरचे चाळीस' म्हणालात तर लोक हसतील. चादर मात्र माणूस दोन-तीन वर्षांतून एकदा घेतो. मागची कितीला घेतली होती हे त्याला आठवत नाही आणि कापड बघून किंमत सांगता येईल अशी नजर फार थोड्यांकडे असते. जिथे भाव ठाऊक नाही तिथे माणूस समोर दिसेल तो आकडा धरतो आणि तिथून खाली-वर मोजायला लागतो. मानसशास्त्रवाले याला अँकरिंग म्हणतात. १९७४ साली ट्वर्स्की आणि कानमन यांनी एक चक्र फिरवलं, जे मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असं केलेलं होतं. मग लोकांना विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के असेल? ज्यांचं चक्र १० वर थांबलं त्यांचा मधला अंदाज २५ आला; ६५ वाल्यांचा ४५. चक्राचा आफ्रिकेशी काही संबंध नव्हता. तुमच्या स्टिकरचा चादरीशी तितपत तरी असतो.

आता हिशेब मांडू. समजा, चादर आणि दोन उशांचे अभ्रे असा सेट तुम्हाला ३१० रुपयांना पडला. हॉलचं भाडं, पत्रकं, टेम्पो, पोरांचा पगार धरून नगामागे आणखी १३० घाला. म्हणजे ४४०. विकायचा आहे ६९९ ला. नुसतं ६९९ लिहून ठेवलंत तर गिऱ्हाईक चादर उलगडेल, पोत बघेल, उजेडाकडे धरेल, 'ग्लेस कॉटन म्हणजे प्युअर कॉटन का हो?' असा अडचणीचा प्रश्न विचारेल आणि बाजारपेठेतल्या दुकानाशी तुलना करेल. म्हणून पिशवीवर २,४९९ हवेत. त्यावर लाल काट, खाली ६९९, शेजारी '७२ टक्के सूट'. आता गिऱ्हाइकाची नजर कापडावरून उठून त्या १,८०० रुपयांवर जाते. ते वाचवायला तो ६९९ आनंदाने देतो.

एमआरपीची काळजी करू नका. छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेणं हा गुन्हा आहे. किंमत मुळात किती छापावी यावर मात्र औषधांसारखे काही अपवाद सोडले तर वरचं बंधन नाही. गिऱ्हाइकाच्या संरक्षणासाठी केलेली ही सोय आपल्या उपयोगी पडते, हा निव्वळ योगायोग.

'जाणकार गिऱ्हाईक फसणार नाही' असं कुणी म्हणालं तर त्यांना अमेरिकेतल्या टूसॉन शहरातल्या इस्टेट एजंटांची गोष्ट सांगा. १९८७ च्या एका अभ्यासात नॉर्थक्राफ्ट आणि नील यांनी त्यांना एक खरं घर दाखवलं, सगळी माहिती हातात दिली, फक्त मालकाने मागितलेली किंमत प्रत्येक गटाला वेगळी सांगितली. ज्यांना मोठा आकडा दिला त्यांनी घराची किंमत जास्त लावली. आकड्याचा परिणाम झाला का, असं विचारल्यावर बहुतेकांनी साफ नाकारलं. धंद्यात मुरलेल्यांची ही तऱ्हा, तर रविवारी सहकुटुंब सेलला आलेल्यांचं काय घेऊन बसलात!

खरा भाव लावून सचोटीने विकावं, असा विचार मनात आला तर जेसी पेनी आठवा. २०११ च्या अखेरीस या जुन्या अमेरिकी दुकान-साखळीत रॉन जॉन्सन नावाचे प्रमुख आले. २०१२ च्या सुरुवातीला त्यांनी कुपनं आणि फुगवलेल्या किमतींवरच्या सवलती बंद करून पहिल्यापासूनच उतरलेला सरळ भाव लावला. वर्षभरात विक्री जवळजवळ पाव हिश्शाने घटली आणि एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन घरी गेले. सवलती परत आल्या. अर्थात त्यांच्या इतरही चुका झाल्या होत्या, पण आपल्याला सोयीचं तेवढंच घ्यावं.

पुढचा विषय टंचाई. नवशिके पहिल्याच दिवशी टेबलावर चारच चादरी ठेवतात आणि टंचाई झाली असं समजतात. चूक. १९७५ साली वर्शेल आणि सहकाऱ्यांनी लोकांना बरणीतलं एक बिस्किट चाखायला दिलं. कुणाच्या बरणीत दहा बिस्किटं होती, कुणाच्या दोन. दोनवाल्यांना ते बिस्किट जास्त हवंहवंसं वाटलं. पण सगळ्यांत भाव खाल्ला तो वेगळ्याच बरणीने : आधी दहा दाखवली, मग ती नेऊन दोनवाली आणली, आणि सांगितलं की बाकीच्यांना फार लागली म्हणून कमी झाली. गंमत अशी, की लोकांनी बिस्किट महाग ठरवलं, आणखी मागितलं, पण चवीला ते अधिक चांगलं आहे असं काही म्हटलं नाही. म्हणून सकाळी चळत छातीपर्यंत रचा आणि दुपारी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ती कमरेपर्यंत आणा. उरलेले गठ्ठे वधूपक्षाच्या खोलीत ठेवा. खोलीला कुलूप हवं. लहान मुलं फार हिंडतात.

तीन दिवसांचं बंधन पाळावं का, असं पुष्कळ जण विचारतात. तिसऱ्या संध्याकाळी माईकवरून 'शेवटचे दोन तास' ओरडायचं, चौथ्या सकाळी फ्लेक्सवर आडवी पट्टी लावायची : 'लोकाग्रहास्तव मुदतवाढ'. टंचाई संपल्याचं दुःख नको, कारण लोकांचा आग्रह होता हा नवा पुरावा त्याच पट्टीत मिळतो. धोका एवढाच, की एखाद्या काकू खमक्या निघतात.

"काकू, आज शेवटचा दिवस. उद्या हा भाव नाही मिळणार."

"असू दे रे बाबा. उद्या येते, बघू तुम्ही इथे आहात का."

अशा गिऱ्हाइकावर वेळ घालवू नये.

तिसरं अस्त्र गर्दी. १९६९ मध्ये मिलग्राम आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या फुटपाथवर एक माणूस उभा करून त्याला समोरच्या इमारतीच्या खिडकीकडे टक लावून बघायला सांगितलं. जाणाऱ्यांपैकी ४ टक्के थांबले. पंधरा माणसं उभी केल्यावर ४० टक्के थांबले, आणि ८६ टक्क्यांनी निदान मान वर केली. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा मेहुणा, त्याचे मित्र आणि शेजारच्या वहिनी यांना सकाळी अकराला दाराशी उभं करा. प्रत्येकाच्या हातात दोन भरलेल्या पिशव्या द्या. पिशव्या संध्याकाळी मोजून परत घ्या.

एवढी नातेवाईक मंडळी नसतील तर ऑनलाइन विका. तिथे गर्दीला चहासुद्धा पाजावा लागत नाही. 'आत्ता इतके जण ही वस्तू बघत आहेत' यासाठी एवढं पुरतं :

```
Math.floor(Math.random() * 20) + 5
```

ही ओळ ५ ते २४ मधला कुठलाही आकडा देते. साइटवर गिऱ्हाईक एकटंच असलं तरी देते. ही माझी कल्पनाशक्ती नव्हे. २०१९ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी सुमारे ११,००० खरेदी-संकेतस्थळं तपासली, तेव्हा असे बनावट आकडे आणि शून्यावर आले की पुन्हा सुरू होणारी घड्याळं त्यांना प्रत्यक्ष सापडली.

इथे एक सावधगिरीची सूचना. या तिन्ही युक्त्या चुकून खऱ्याही असू शकतात आणि मग त्यांचा सगळा कस निघून जातो. मागच्या महिन्यात तुमच्याच दुकानात तो सेट ९९९ ला खरोखर विकला जात होता आणि आज ६९९ ला आहे, तर काट मारलेला आकडा ही नुसती माहिती झाली. गिऱ्हाईक ती वापरून स्वतःचा निर्णय घेईल. देवगडचा आंबेवाला मे महिन्याच्या शेवटी 'आता थोडेच दिवस' म्हणतो, तेव्हा तो पंचांग सांगत असतो. मेसबाहेरची दुपारची रांग खरी असते, कारण आतलं जेवण रोज जेवणारेच त्या रांगेत असतात. आकडा, मुदत, गर्दी हीच. पण मागे हिशेबाची वही उघडून दाखवता येते. तुमची वही उघडता येत नसेल तरच तुम्ही आमच्या पद्धतीने चालला आहात असं समजा. आणि गिऱ्हाइकाला वही बघायला वेळच मिळू नये याचसाठी ते 'शेवटचे दोन तास' असतात. खोटी किंमत एकटी असती तर तो घरी जाऊन चौकशी करून आला असता.

शेवटी कायद्याची कटकट. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार, माल आधी कितीला विकला जात होता याबद्दल लोकांची दिशाभूल करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे आपली लाल काट थेट त्यात बसते. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'बद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत तेरा प्रकार दिले आहेत आणि पहिलाच खोट्या घाईचा : खोटी टंचाई आणि खोटी लोकप्रियता दोन्ही त्यात येतात. मंगल कार्यालयात कोण तपासायला येतो, हे खरं असलं तरी गिऱ्हाइकाने पक्कं बिल मागितलं, फ्लेक्सचा फोटो काढला आणि चौथ्या दिवशी येऊन पट्टीचाही काढला, तर त्याच्याकडे पुरावा तयार होतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तो पत्रकावर चुकूनही छापू नका.