आधी कॅप्शन, मग सायकल

काम व्हायच्या आधी त्याची बातमी तयार ठेवणारा एक तरी माणूस तुमच्या ओळखीत असेलच. आमच्या बुधवार पेठेतल्या वाड्यातले काका त्या जातीतले. 58व्या वर्षी त्यांनी सायकल शिकायचं ठरवलं, तेव्हा सायकलच्या आधी कॅप्शन आली. रात्री साडेदहाला दार वाजलं. काका हातात कागद घेऊन उभे.

"ऐक. 'वय हा केवळ आकडा आहे.' फोटोखाली बरं दिसेल ना?"

"काका, सायकल कुठाय?"

"ती होईल रे. 'केवळ' ठेवू की काढू?"

यात त्यांचा दोष निम्माच. अप्पा बळवंत चौकातल्या एका प्रकाशकाकडे त्यांचं सगळं आयुष्य प्रुफं तपासण्यात गेलं. एकदा छापून गेलं की गेलं, ही धास्ती हाडीमाशी मुरलेली. त्यामुळे साध्या स्टेटसचीही तीन-तीन प्रुफं निघतात आणि ती वाचायला मी लागतो, कारण माझी खोली त्यांच्या समोर आहे.

काकांना सायकल येत नाही हे पेठेत कुणाला माहीतच नव्हतं. पुणं सायकलींचं शहर होतं त्या काळात, दिवा नाही म्हणून पोलीस चाकातली हवा सोडायचे त्या काळात, हा माणूस पायी हिंडत होता. शाळा, मंडई, तांबडी जोगेश्वरी, पुढे नोकरी, सगळं दहा मिनिटांच्या आत. कुणी विचारलंच तर "आपण बुवा पायी चालणारे" हे ते अशा थाटात म्हणत, की सायकलवाला उगाचच ओशाळायचा.

घात केला कोथरूडच्या नातवानं. त्याला वाढदिवसाला बिनपायडलची छोटी सायकल मिळाली. दोन्ही पायांनी जमीन ढकलत ढकलत थोड्याच दिवसांत तो सोसायटीच्या उतारावरून पाय वर करून सुसाट जायला लागला. मग एका रविवारी सगळ्यांच्या देखत म्हणाला, "आबा, आता तुम्ही दाखवा." आबांनी पाठदुखी पुढे केली. पाठ तेव्हा ठणठणीत होती. ती थाप त्यांना फार लागली.

म्हणून मग पहाटे साडेपाचला नदीपात्रातला रस्ता. काकू उठायच्या आत, काकूंचीच लेडीज सायकल घेऊन. नवशिक्या प्रौढाला खरं तर हीच बरी, मधे आडवी नळी नसल्यानं तोल गेला की पाय चटकन खाली येतो. पण काकांच्या मानी मनाला ते पटेना. "फोटोत नळी दिसत नाही, लोक काय म्हणतील? कॅप्शनमध्ये खुलासा टाकावा लागेल."

पहिले काही दिवस परंपरागत पद्धत: मी मागे कॅरिअर धरून धावणार. या पद्धतीत धावणारा तयार होतो, चालवणारा नाही. माझा हात आहे तोवर सायकल पडत नाही, आणि ती कलल्याशिवाय सावरायचं कसं हे अंगाला कळत नाही. त्यात काका दर चार पावलांनी "धरलंयस ना?" म्हणून मागे वळून बघत. मान वळली की खांदा वळतो, खांद्यामागे हँडल. एकदा असेच उभ्या टेम्पोवर गेले. उठले, धोतर झटकावं तशी पँट झटकली आणि म्हणाले, "'पडणं म्हणजेच शिकणं.' की 'पडणे' बरं वाटेल?"

शेवटी आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्यानं अक्कल दिली. पायडलं काढा, सीट खाली घ्या. काकांनी रात्री जिन्याखाली बसून पाना लावला. उजवं पायडल निघालं. डावं जितकं फिरवावं तितकं घट्ट. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, चालवताना आपोआप सैल होऊ नये म्हणून. ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवून काढायचं. मग बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकतील इतकी सीट उतरवली. म्हणजे नातवाची सायकल तयार. तसं बघितलं तर कार्ल ड्राइसनं 1817 साली जर्मनीत काढलेलं दुचाकी वाहनही असंच होतं, पायांनी ढकलायचं. पायडलं नंतर आली. हे मी सांगून चूक केली. दुसऱ्या दिवशी कॅप्शनमध्ये ड्राइस आला.

खरी मारामारी हँडलशी होती. सायकल डावीकडे कलली की हँडलही डावीकडेच वळवायचं, म्हणजे चाकं पडत्या अंगाखाली येतात आणि ती उभी राहते. घाबरलेला माणूस नेमकं उलट करतो. पडतोय डावीकडे, तर ओढतो उजवीकडे, आणि आदळतो. शिवाय भीतीनं हळू जातो. जितकं हळू, तितका तोल सावरायला हँडल जास्त वळवावं लागतं. वेगात नुसता इशारा पुरतो. काकांना वाटायचं हळू म्हणजे सुरक्षित. बारीकशा उतारावर पाय उचलायचे, दोन क्षणांत ब्रेक दाबायचे आणि थांबता थांबता आडवे व्हायचे. नजर कायम पुढच्या चाकावर. "काका, लांब पुलाकडे बघा," मी ओरडायचो. ते ओरडायचे, "पूल पळून जाणार नाहीये!"

एका सकाळी मात्र पाय वरच राहिले. उतार संपेपर्यंत. नागमोडी जाणारं चाक सरळ झालं, आणि ब्रेकवरची बोटं सैल पडलेली मला लांबूनही दिसली. आता पायडलं लावायला हरकत नव्हती. लावली, तेव्हा डावं बरोबर उलटं फिरवलं.

परतताना सायकल हातात धरून चालत होतो. पायडल त्यांच्या नडगीला लागत होतं. ओंकारेश्वरापाशी ते थांबले.

"कॉलेजात पोरं सायकली हातात धरून माझ्याबरोबर चालायची. पार वाड्यापर्यंत. मला वाटायचं, माझं बोलणं ऐकायला." नडगी चोळत म्हणाले, "ही बया हातात धरून चालणं किती जड जातं रे. एकानं कधी बोलून दाखवलं नाही."

या वाक्याला त्यांनी कॅप्शन मागितली नाही. मला तेव्हा हा माणूस थोडा आवडला, हे इथं नाइलाजानं नोंदवतो.

फोटो निघाला त्या दिवशी ते पायडल मारत होते, तोंड उघडं, डोळे पुलाकडे. मी तयारीत होतो. पण कागद आला नाही. घरच्या ग्रुपवर थेट मजकूर पडला: "सायकल आली. भीती गेलेली नाही. उजवीकडे वळता येत नाही, म्हणून तीन वेळा डावीकडे वळतो. त्या दिवशी पाठ दुखत नव्हती."

नातवाच्या आईनं तीन टाळ्या पाठवल्या. काकू स्वयंपाकघरात होत्या, तरी त्यांचं उत्तर मिनिटभरात आलं: "महिनाभर रोज सीट खाली सापडते. माझा गुडघा बरा होत आलाय, होती तशी वर करून ठेवा. आणि पुढचा ब्रेक सैल झालाय, दुकानात दाखवून आणा. चालवत न्या."