नाव शोभेचे, आकडे कामाचे

भ्रमणध्वनीवर आलेला बँकेचा अर्ज हा कागदाचा नव्हे, तर कागदाच्या सावलीचा प्रकार असतो. कारण छायाचित्र काढणाऱ्या हितचिंतकाचा अंगठा नेमका त्याच ओळीवर विसावलेला असतो जिच्यात 'सोबत धनादेश जोडावा' असे छापलेले असते. आरटीजीएस व एनईएफटी यांचा सामाईक अर्ज, म्हणजे एका बँकेतील खात्यातून दुसऱ्या बँकेतील खात्यात पैसे पाठवण्यासाठी शाखेत द्यावयाचा अर्ज, या परंपरेचे उत्तम उदाहरण आहे.

उदाहरणादाखल साताऱ्यातील एका निवृत्त शिक्षकांची कल्पना करावी. त्यांना पुण्यातील सदनिकेच्या विक्रेत्यास 2,40,000 रुपये द्यायचे आहेत आणि त्यासाठी पुतण्याने व्हॉट्सअॅपवर दोन छायाचित्रे पाठवली आहेत, एक कोऱ्या अर्जाचे आणि दुसरे विक्रेत्याच्या रद्द केलेल्या धनादेशाचे. अर्जाच्या माथ्यावरील पहिला प्रश्न, आरटीजीएस की एनईएफटी, सोपा आहे. आरटीजीएसमध्ये प्रत्येक व्यवहार स्वतंत्रपणे, लगेच पुरा होतो आणि त्याला किमान दोन लाखांची अट आहे. एनईएफटीमध्ये दर अर्ध्या तासाने व्यवहारांचा गठ्ठा निघतो आणि तशी किमान रक्कम नाही. शिक्षकांना दोन्ही मार्ग मोकळे आहेत, मात्र दोन्ही चौकोनांत खूण करण्याचा उदारपणा बँकेस मानवत नाही.

खरी मेख धनादेशाच्या छायाचित्रात आहे. त्याच्या तळाशी यंत्राने वाचण्याजोगे ठसठशीत आकडे रांगेने उभे असतात आणि खाते क्रमांक शोधणारी नजर तेथेच जाते. पण त्या रांगेत प्रथम सहा आकडी धनादेश क्रमांक, मग शहर, बँक व शाखा सांगणारा नऊ आकडी एमआयसीआर संकेतांक असतो, आणि त्यापुढील आकडेही ग्राहकाचा पूर्ण खाते क्रमांक नसतात. खरा खाते क्रमांक वर, धनादेशाच्या मधल्या भागात, वेगळा छापलेला असतो. काही बँकांत तो शून्यांनी सुरू होतो आणि ती शून्ये निरुपयोगी समजून गाळण्याची सुबुद्धी नेमकी गणिताच्या शिक्षकांनाच सुचते.

तो क्रमांक अर्जावर दोनदा लिहावा लागतो. दुसऱ्या वेळी बहुतेक जण पहिल्या रकान्यातूनच उतरवून घेतात, त्यामुळे एक चूक दोन साक्षीदारांसह सिद्ध होते. दुसरी प्रत धनादेशाच्या छायाचित्रावरूनच उतरवली तरच त्या रकान्याला काही अर्थ उरतो. आयएफएससी, म्हणजे शाखेची ओळख सांगणारा अकरा चिन्हांचा संकेतांक, याची पहिली चार चिन्हे बँकेची अक्षरे असतात आणि शेवटची सहा शाखेची. पाचवे चिन्ह मात्र नेहमी शून्यच असते, O हे अक्षर कधीही नसते, ही गोष्ट धूसर छायाचित्र पाहणाऱ्याने आधीच ध्यानात ठेवावी.

जोडपत्रांत मुख्य असतो तो पाठवणाऱ्याचा स्वतःचा धनादेश, जो बहुतेक शाखांत बँकेच्याच नावे, 'आरटीजीएससाठी' असा उल्लेख करून मागितला जातो. विक्रेत्याचा रद्द धनादेश हा केवळ आकड्यांचा आधार असून त्याची जागा घेऊ शकत नाही. रक्कम अर्जावर आणि स्वतःच्या धनादेशावर 2,40,000 हीच हवी. शुल्क त्यात मिसळू नये, कारण दोन ते पाच लाखांच्या आरटीजीएसला शाखेत कमाल 24.50 रुपये आणि त्यावर वस्तू व सेवा कर लागतो, व ते खात्यातून वेगळे वळते होतात. छायाचित्राची छापील प्रत स्वीकारायची की नाही हे शाखा ठरवते. पण स्वाक्षरी शाईची आणि बँकेतील नमुन्याशी जुळणारी हवी, आणि खाते दोघांनी मिळून चालवायचे असेल तर दोघांचीही हवी.

आता या अर्जातील सर्वात भव्य रकाना, म्हणजे लाभार्थ्याचे नाव. पैसे मिळणाऱ्याचे नाव तेथे मोठ्या अक्षरांत, आडनावासह, कौतुकाने लिहिले जाते, परंतु पैसे जमा करताना बँक केवळ खाते क्रमांक पाहू शकते, अशी या व्यवस्थेची रीत आहे. क्रमांक अस्तित्वातच नसेल तर पैसे परत येतात. तो तिसऱ्याच कुणाचा असेल तर पैसे त्याच्याकडे जातात आणि नाव अर्जावर शोभून दिसते. या शोभेला कंटाळून रिझर्व्ह बँकेने खाते क्रमांक व आयएफएससीवरून खातेदाराचे नाव आधी पाहण्याची सोय 1 एप्रिल 2025 पर्यंत देण्यास बँकांना सांगितले, आणि ती शाखेत येणाऱ्या ग्राहकांसाठीही आहे. तेव्हा अर्ज खिडकीत सरकवताना शिक्षकांनी, आणि वाचकांनीही, पैसे पाठवण्यापूर्वी ते नाव दाखवण्याची मागणी करावी.