ब्रश खाली ठेवा

थ्रीडी शिकणाऱ्या कुणालाही विचारा, सर्वांत कंटाळवाणं काम कोणतं? उत्तर ठरलेलं. वेट पेंटिंग. मग विचारा, कोपर नीट वाकतं का? उत्तर तेही ठरलेलं. नाही. मग रात्र-रात्र जागून काय रंगवत होतात?

दृश्य नेहमीचं आहे. साधा, गोंडस कार्टून मुलगा. हात म्हणजे सरळ नळकांडं. सरळ उभा असतो तोवर राजबिंडा. हात वाकवला की कोपर बागेतल्या पाइपासारखं चेपतं. की लगेच ब्रश हातात. इथे थोडं लाल, तिथे थोडं हिरवं, मग पुसायचं, मग पुन्हा लाल. तासाभराने कोपर तितकंच चेपलेलं आणि शिवाय काखेजवळ एक नवा खड्डा.

खड्डा फुकट मिळतो.

मुळात हे चेपणं रंगाचं नाही, गणिताचं आहे. ब्लेंडर असो की दुसरं काही, कोपराच्या मधोमध असलेल्या बिंदूला दंडाचं बोन म्हणतं ‘इथेच थांब’ आणि पुढच्या हाताचं बोन म्हणतं ‘माझ्याबरोबर फिर’. दोघांचं वजन अर्धं-अर्धं. सॉफ्टवेअर काय करतं? दोन्ही जागा काढतं आणि सरळ रेषेत त्यांचा मध्य घेतं. बिंदू खरं तर वर्तुळावरून फिरायला हवा. हा मधून, शॉर्टकटने जातो. शॉर्टकटने गेलेलं सगळं आत ओढलं जातं.

आकडे बघा, दोनच आहेत. हाताची जाडी आठ सेंटिमीटर धरा. कोपर ९० अंशांत वाकलं की वाकण्याच्या मधल्या रेषेवर ती जाडी उरते साधारण ५.७. १२० अंशांत वाकलं की उरते चार. निम्मी. अर्धं-अर्धं वजन अगदी बिनचूक रंगवलंत तरी हेच होणार. म्हणजे तुम्ही चोख काम केलंत, म्हणूनच हात चेपला.

आता ब्रशचा काय दोष?

तर पहिला उपाय रंगात नाही, बोन कुठे ठेवलंय त्यात आहे. बहुतेकजण सांधा नळकांड्याच्या बरोबर मध्यात ठेवतात, कारण मध्य दिसायला न्याय्य दिसतो. पण कोपराचं टोक बाहेरच्या बाजूला असतं आणि घडी आतल्या बाजूला पडते. सांधा बाहेरच्या पृष्ठभागापासून दोन सेंटिमीटरवर सरकवा. जाडीचा एकूण तोटा तेवढाच राहतो, गणिताला लाच चालत नाही. पण ९० अंशांत बाहेरच्या बाजूने आता साधारण सव्वाऐवजी अर्धाच सेंटिमीटर आत जातो. उरलेला तोटा आतल्या बाजूला जातो, आणि तिथे घडी पडणारच होती. फार हावरटपणा करून सांधा कातडीला चिकटवू नका, नाहीतर आतली बाजू एकमेकांत घुसते. गुडघ्याला हाच हिशेब उलट्या दिशेने. वाटी पुढे, घडी मागे, म्हणून सांधा जरा पुढे.

हे सगळं ब्रश न उचलता झालं, याची नोंद घ्या.

दुसरा उपायही ब्रशचा नाही. मॉडेलच्या कोपरावर रेषा किती आहेत? कुणाच्या मॉडेलवर एकही आडवी कड नसते आणि मग लांबच्या लांब चौकोन वाकवायचा हट्ट असतो. कुणाकडे एकच कड असते, तिथे हात वाकत नाही, मोडतो. किमान तीन एज लूप लागतात. एक सांध्यावर, एक वर, एक खाली. बाहेरच्या बाजूला त्यांच्यात अंतर राखा, कारण तिथे कातडी ताणली जाते. आत जवळजवळ आणा, कारण तिथे ती दाटते. मधल्या लूपला अर्धं-अर्धं वजन. वरच्याला दंडाचं ०.८५, खालच्याला पुढच्या हाताचं ०.८५. त्यापलीकडे दोन्हीकडे पूर्ण १. संपलं.

चार-पाच आकडे. त्यासाठी लोक ग्राफिक्स टॅबलेट विकत घेतात.

पण हे आकडे हाताने टाकायला कोण बसणार? बटण आहे ना! `With Automatic Weights`. दाबलं की झालं. खरंच होतं, बऱ्यापैकी होतं. इल्या बारान आणि योव्हान पोपोविच या दोघांनी २००७ मध्ये मांडलेली युक्ती त्यामागे आहे. बोन म्हणजे जणू तापलेली सळई, तिची उष्णता अंगभर पसरू द्यायची आणि जिथे जेवढी ऊब पोचेल तेवढं वजन. डोकेबाज कल्पना. फक्त उष्णतेला कोपर कुठे आहे ते माहीत नसतं. ती हळूहळू, लांबवर पसरते. परिणाम, हात वाकतो खरा, पण रबराच्या नळीसारखा गोल. कोपर नावाची जागाच उरत नाही.

कार्टूनमध्ये चालतं, असं म्हणून आपण सगळे त्यावर पांघरूण घालतो.

कधीकधी बटण दाबल्यावर ब्लेंडर चक्क हात वर करतो. पडद्यावर ओळ येते: `Bone Heat Weighting: failed to find solution for one or more bones`. आता सुरू होते भाविकांची धावपळ. कुणी सॉफ्टवेअर पुन्हा बसवतं, कुणी कॉम्प्युटर. बहुतेक वेळा कारण फालतू असतं. एकाच जागी दोन-दोन बिंदू साचलेले असतात, ते `Merge by Distance` ने एकत्र होतात. कुठे पृष्ठभागाच्या दिशा उलट्या झालेल्या असतात, तर कुठे शर्टाची बटणं, डोळे असे सुटे तुकडे आत अडकलेले असतात आणि तिथवर उष्णता पोचत नाही. ते तुकडे बाजूला काढा, अंग बांधा, मग डोळे सरळ डोक्याच्या बोनला पूर्ण वजनाने जोडा. डोळ्याला वाकायचं नाहीये.

मग ब्रश लागतच नाही का? लागतो. पण त्याआधी मुलाला वाकवून ठेवा. ताठ उभ्या मॉडेलवर वेट पेंटिंग करणारे लोक अजून आहेत, हे खरं वाटत नाही. टाइमलाइनवर तीन की टाका. पहिल्या फ्रेमला सरळ हात, विसाव्याला ९० अंश, चाळिसाव्याला १२०. ब्रश मारा आणि मागे-पुढे सरकवून बघा. सरळ उभं असताना चूक दिसतच नाही. वाकल्याशिवाय सांध्याचं काही कळतं का?

आता चुका ओळखायच्या कशा? पात्र पुढे चाललं आणि कातडीचा एक कोपरा जागच्या जागी खिळून तारेसारखा ताणला गेला, तर त्या बिंदूला कुणाचंच वजन नाही. डावा गुडघा वाकवला आणि उजव्या मांडीची आतली बाजू थरथरली, तर डाव्या पायाचं वजन तिकडे सांडलंय. मांड्या जवळजवळ असलेल्या मॉडेलमध्ये हे हमखास होतं. हे दोन रोग डोळ्यांनी दिसतात. तिसरा दिसत नाही, आणि तोच जास्त रात्री खातो.

तिसरा रोग म्हणजे वजाबाकी. `Auto Normalize` चालू असलं की प्रत्येक बिंदूवरच्या वजनांची बेरीज १ राखली जाते. उत्तम. पण तुम्ही दंडाचं वजन पुसलंत तर ते जाणार कुठे? बेरीज १ व्हायलाच हवी. मग ते ज्या बोनचं थोडंफार वजन तिथे आधीच पडून असेल, त्याच्या गळ्यात पडतं. बरगडीच्या, नाहीतर मानेच्या. तुम्ही कोपर साफ करता आणि मान हलवली की कोपर उडतं! म्हणून पुसू नका. जे बोन हवंय ते निवडा आणि त्याचं वजन वाढवा, बाकीच्यांचं आपोआप कमी होतं. ज्यांना हात लावायचा नाही त्या गटांना कुलूप घाला.

एवढं एक कळलं तरी काखेतले निम्मे खड्डे बुजतात.

आता कुणीतरी हुशार हात वर करील, `Preserve Volume` ची खूण केली की चेपणं थांबतं ना? थांबतं. बिंदू शॉर्टकट सोडून वर्तुळावरून फिरतो. पण मग तो उलटी खोडी काढतो, कोपर बाहेर फुगतं. शिवाय हाच मुलगा गेमसाठी glTF फाइलमध्ये पाठवलात तर तिथे ही खूण जातच नाही. तिथे जुनंच सरळ रेषेचं गणित. ब्लेंडरमध्ये पैलवान, गेममध्ये पुन्हा पाइप.

आणि पाय उलटा वाकला तर रंगाला शिव्या नकोत. आयके लावताना मांडी आणि पिंढरी एका सरळ रेषेत ठेवली असेल, तर गुडघ्याने पुढे जायचं की मागे, हे कॉम्प्युटरने कसं ओळखावं? गुडघा मुळातच किंचित पुढे वाकवून ठेवा आणि `Chain Length` दोन करा. शून्य ठेवलंत तर साखळी पिंढरी-मांडीवर थांबत नाही, वर चढत चढत कंबरही ओढते. पाऊल उचललं आणि अख्खा मुलगा कमरेत वाकला, असे नमस्कार आपण पाहिलेत.

आता खरी गंमत. हे सगळे आकडे खुर्चीपर्यंत ठीक आहेत. खुर्चीत बसलेला गुडघा ९० अंशांत वाकतो. आपला मुलगा जेवायला मांडी घालून बसतो, अंगणात उकिडवा बसतो. गुडघा १५० अंशांच्या आसपास जातो. तिथे सरळ रेषेचं गणित लावलं तर सांध्यावरची जाडी पाव राहते. पिंढरी मांडीत घुसते ती वेगळीच. कोणत्याही ब्रशने हे सुटत नाही. मांडी घातलेल्या अवस्थेत हाताने आकार दुरुस्त करून शेप की बनवावी लागते. मग तिला ड्रायव्हर लावून सांगायचं, गुडघा ९० अंशांवर असेल तेव्हा तुझा प्रभाव शून्य, १५० वर पूर्ण. डाव्यासाठी एक, उजव्यासाठी एक. उकिडव्यासाठी बहुधा आणखी एक.

बजेटमध्ये यासाठी किती दिवस धरलेले असतात?

म्हणून पंगतीचा सीन आला की कॅमेरा पानातल्या भातावर आणि वरणावर एवढा वेळ का रेंगाळतो, याचं कौतुक करताना जरा जपून.