मोफत, फक्त भोक सोडून

पाणी शुद्ध करण्याचे यंत्र ‘सात दिवस मोफत’ देऊ करणाऱ्या संदेशात ‘मोफत’ हा शब्द ठळक असतो आणि आठवा दिवस बहुधा नसतोच. यंत्र मोफत असले तरी पाणी मोफत नसते: कराडला खेटून असलेल्या मलकापुरात चोवीस तास पाणी येते, पण मीटरने. आरओ यंत्र एक लिटर पाणी गाळताना साधारण दोन-तीन लिटर नळीवाटे मोरीत सोडते. तेही मीटर मोजतो. मीटरला सवलतीची योजना ठाऊक नाही. शिवाय भिंतीला भोक पडते, नळाला टी बसतो. यंत्र नको म्हटले तरी भोक घरीच राहते.

जाळे वाटू नये असा मजकूर असा असतो: ‘यंत्र सोमवारी बसवू. भिंतीला भोक पाडणार नाही, ओट्यावर ठेवू. वाया जाणारे पाणी तुमच्या मीटरवर पडेल, ते बादलीत धरून दाखवू. पुढच्या सोमवारी तुम्ही ‘घेतो’ म्हणालात तरच पैसे. काही कळवले नाही तर आम्हीच येऊन काढून नेऊ. अनामत नाही, कार्डाचा नंबर नको.’

यातले वजनदार वाक्य ‘काही कळवले नाही तर’ हे. बेरकी मजकुरात गिऱ्हाइकाचे मौन म्हणजे होकार. मोफत सेवेसाठी आधीच कार्ड मागून आपोआप पैसे कापणे केंद्र सरकारच्या 2023च्या मार्गदर्शक तत्त्वांत अनुचित ठरवलेले आहे. त्यावर ‘कार्ड फक्त ओळखीसाठी’ अशी पळवाट काढता येतेच.