व्वा, केलंत काम!

इंग्रज माणूस टोमणा मारताना तोंडावरची माशीही हलू देत नाही. मागे गाडी धडधडून पेटलेली असते, तो खिशात हात घालून 'वेल, दॅट वेंट वेल' म्हणतो आणि चालायला लागतो. ते वाक्य मराठीत आणून पडद्याच्या तळाशी दोन ओळींत बसवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. एका ओळीत साधारण ४२ चिन्हं मावतात आणि सॉफ्टवेअर काना, मात्रा, अनुस्वार सगळं वेगवेगळं मोजतं. उपशीर्षक पडद्यावर राहतं जास्तीत जास्त सातेक सेकंद, आणि टोमण्याच्या वाट्याला त्यातला एखाद-दुसराच येतो. तेवढ्यात प्रेक्षकाने वाचायचं, नटाच्या तोंडाकडे बघायचं आणि हसायचंही.

'पण सूर तर ऐकू येतोच की,' असं लोक म्हणतात. येतो, पण परक्या भाषेतला सूर ओळखू येतोच असं नाही. कॅनडातल्या मॅक्गिल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २००९ साली एक गमतीशीर गोष्ट नोंदवली. उपरोधाने बोलताना इंग्रजी बोलणाऱ्यांची पट्टी खाली उतरते, तर कँटोनीज बोलणाऱ्यांची वर चढते. म्हणजे हाँगकाँगचा माणूस टोमणा मारत असताना लंडनच्या माणसाला तो मनापासून खूश झालेला वाटू शकतो. आमच्याकडे पट्टी वगैरे नंतर, आधी स्वर ताणला जातो. 'छाऽऽन!' त्यासाठी आपण छापतानाही तो वळणदार अवग्रह वापरतो, आणि मराठीतलं टोमण्याचं खास चिन्ह कुठलं असेल तर तेच. पण हाच अवग्रह 'आईऽऽ गं' मध्येही येतो, त्यामुळे एकट्याच्या भरवशावर राहता येत नाही.

बीबीसीने यावर सरकारी थाटाचा तोडगा काढला आहे. ज्यांना ऐकू येत नाही अशा प्रेक्षकांसाठीच्या उपशीर्षकांत उपरोधाच्या वाक्यापुढे कंसात उद्गारचिन्ह टाकायचं, असं (!). उपरोधाचा प्रश्न असेल तर कंसात प्रश्नचिन्ह. ज्याला आवाजच ऐकू येत नाही त्याला ही खूण हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. खुणेची हौस मात्र फार जुनी आहे. जॉन विल्किन्स या इंग्रज पाद्र्याने १६६८ साली उपरोधासाठी उलटं उद्गारचिन्ह सुचवलं होतं, आणि १९६६ साली एर्व्हे बाझँ या फ्रेंच लेखकाने स्वतःचं एक वेगळं चिन्ह काढलं. दोन्ही चालली नाहीत. चालणार कशी? कोपरखळी मारून वर त्याची पावती फाडून द्यायची, तर मारायचीच कशाला?

मी एकदा मराठी उपशीर्षकात (!) पाठवून पाहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते टंकलेखनातली चूक म्हणून खोडलं. बरोबरच होतं त्यांचं. आपली विरामचिन्हंच मुळी उसनी, एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी साहेबांच्या खटपटीने रुळलेली. त्याआधी मोडीत ओळीच्या ओळी सलग धावायच्या, आणि त्या काळची माणसं एकमेकांना टोमणे मारत नव्हती यावर कुणाचाच विश्वास बसणार नाही. मग चिन्हांशिवाय टोमणा कळायचा कसा? माझ्या मते, तो वाक्याच्या शेवटी नव्हे, वाक्याच्या पोटात असायचा. आजही असतो. 'तो ऐकतोय' म्हणजे तो ऐकतोय. 'ऐकतोय तो!' म्हणजे ब्रह्मदेव आला तरी ऐकणार नाही. शब्द तेच दोन, फक्त क्रियापद पुढे आलं. उद्गारचिन्ह काढलं तरी अर्थ फारसा हलत नाही. आणि 'म्हणे' हा शब्द तर देणगीच आहे. 'पाच मिनिटांत येतोय म्हणे' एवढं लिहिलं की तो तासाभरात येणार नाही हे सगळ्यांना कळतं.

आता एक प्रसंग घेऊ. पोलीसपटात असतात तसे दोघे, एक मुरलेला अधिकारी आणि एक नवखा पोरगा. पोरगा किल्ली आत ठेवून गाडीचं दार लावतो. अधिकारी म्हणतो, 'नाइस वर्क, जीनियस.' शब्दाला शब्द ठेवला तर 'छान काम, हुशार मुला' होतं, आणि ते थेट प्रगतिपुस्तकातून उतरल्यासारखं वाचलं जातं. 'मूर्खा, काय केलंस!' लिहिलं तर अर्थ पोचतो, पण टोमण्याची शिवी होते. इंग्रजी अधिकारी चिडलेला नाही, तो मजा घेतोय. मग मी लिहितो, 'व्वा, केलंत काम!' मोजून १६ चिन्हं, मूळ इंग्रजी ओळीपेक्षा दोन कमी.

यात क्रियापद पुढे आणलंय हे दिसतंच, पण खरा दंश त्या 'त'मध्ये आहे. इतका वेळ 'ए, इकडे ये' म्हणणारा माणूस एकाएकी 'केलंत' म्हणतो. आपल्याकडे तू म्हणणाऱ्याने अचानक अहोजाहो सुरू केलं की समजावं, आता काही खरं नाही. नवऱ्याला एरवी 'अरे' म्हणणारी बायको 'या, जेवायला बसा' म्हणाली की आधी तारीख आठवावी, मग पान.

मात्र या चिमट्याची तयारी दहा मिनिटं आधीपासून करावी लागते. इंग्रजीत सगळे 'यू'. अधिकारी पोराला तू म्हणेल की तुम्ही, हे पहिल्याच दृश्यात मला ठरवावं लागतं. तिथे सभ्यपणा म्हणून 'तुम्ही' टाकलं, तर किल्लीच्या प्रसंगी हातात काही उरत नाही. 'केलंत काम' तेव्हा नुसती शाबासकी वाटते. म्हणून मी आधी सिनेमातले टोमणे शोधतो आणि त्यांच्या हिशेबाने मागे जाऊन नाती ठरवतो. पारखायची रीत साधी आहे. आवाज बंद करून नुसत्या मराठी ओळी वाचायच्या. त्या ठिकाणी ओठ हलले तर जमलं.

उलट्या दिशेला हाच माल सांडतो. सासूबाई म्हणतात, 'उठल्या का महाराणी!' इंग्रजीत तो आदरार्थी अनेकवचनाचा 'उठल्या' कुठून आणणार? 'द क्वीन इज अवेक' केलं की परदेशी प्रेक्षक राजवाडा शोधायला लागतो. तिथे इंग्रजांच्याच हत्याराने लढावं, म्हणजे आवाज न चढवता आभार मानावेत. 'हाउ काइंड ऑफ यू टू जॉइन अस.' सासूबाई जरा लंडनच्या वाटतात, पण सून ओशाळते, आणि काम तेच होतं.

या तू-तुम्हीच्या शिडीला वरच्या टोकाला मर्यादा आहे. टोमणा चार जणांना मिळून असेल तर 'तुम्ही' आधीच अनेकवचन असतं, त्यात दंश भरता येत नाही. तिथे 'धन्य आहात सगळे!' उपयोगी पडतं. कारकून साहेबाला एरवीच 'तुम्ही' म्हणत असला, तर एक पायरी चढून 'आपण थोर आहात' म्हणता येतं. ऐतिहासिक मालिकेत मात्र राजाला सगळा दरबार पहिल्या भागापासूनच 'आपण' म्हणत असतो. आता वर पायरीच नाही. सरदाराला चिमटा काढायचा तर एक तर 'आज्ञा, महाराज' लिहून शेवटी तीन टिंबं द्यायची, नाहीतर खाली उतरून सरळ 'तू' म्हणायचं. पण सरदार राजाला 'तू' म्हणाला की तो टोमणा राहत नाही, बंड होतं, आणि तोवर पडद्यावर तलवारी उपसलेल्या असल्याने खालची ओळ कुणी वाचत नाही.