गल्ला म्हणजे उत्पन्न नव्हे

गेले तीन आठवडे मी नव्वद सेकंदांचा एक व्हिडिओ लिहिते आहे. छोट्या दुकानदारांसाठी जमाखर्चाचं एक अ‍ॅप आलं आहे, ते कसं वापरायचं हे दाखवणारा व्हिडिओ. कंपनी बाहेरगावची, लिहिणारी मी कोल्हापूरची. माझ्या तक्रारी लहान आहेत, पण त्या कुणीतरी मांडायला हव्यात. व्हिडिओ बघणारा दुकानदार तक्रार लिहून पाठवत बसत नाही. तो फोन खाली ठेवतो आणि वही उघडतो.

पहिली तक्रार एका शब्दाची. मला आलेल्या मसुद्यात पहिलंच वाक्य होतं, ‘तुमच्या दुकानाचा अर्थसंकल्प आता तुमच्या हातात.’ अर्थसंकल्प विधानसभेत मांडतात. किराणा दुकानात ‘खर्चाचं गणित’ असतं, ‘माल भरायचे पैसे’ असतात, फार तर ‘बजेट’ असतं. मी शब्द बदलला. दुसऱ्या फेरीत तो परत आला, कारण अ‍ॅपच्या पडद्यावर तोच छापलेला होता आणि पडदा बदलायला वेळ नव्हता. निवेदनात एक शब्द आणि पडद्यावर दुसरा असला, की बघणाऱ्याचं बोट थांबतं. तो शब्द शोधेपर्यंत पुढची तीन वाक्यं निघून जातात.

दुसरी तक्रार नमुन्याच्या आकड्यांची. पडद्यावरच्या दुकानाची महिन्याची विक्री 500,000 होती. स्वल्पविराम पाचशेनंतर. आपल्याकडे पाच लाख 5,00,000 असे लिहितात, हे मी दोनदा कळवलं. शिवाय सगळ्या रकमा गोल होत्या: दहा हजार, पाच हजार, दोन हजार. उधारी कुठेच नव्हती. ज्या दुकानात उधारी नाही, ते दुकान आमच्या भागातल्या माणसाला आपलं वाटत नाही.

खरी अडचण मात्र तिसरी आहे. ती समजावी म्हणून मी मसुदा घेऊन शहराच्या कडेला असलेल्या एका किराणा दुकानात गेले. मालक साठीचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. रात्री पावणेदहाला त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि गल्ला मोजायला घेतला. मी शेजारी बसून त्यांचाच दिवस अ‍ॅपमध्ये भरला.

पेटीतले आणि ऑनलाइन आलेले मिळून 7,400 रुपये जमले होते. त्या दिवशी लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्याला मालाचे 5,000 दिले होते. मी दोन्ही रकमा भरल्या. पडदा हिरवा झाला: ‘आजचं उत्पन्न 7,400. खर्च 5,000. बचत 2,400.’ मला आलेल्या मसुद्यातही इथे असंच वाक्य होतं, ‘पाहा, आज तुम्ही एवढे रुपये वाचवले!’

मामांनी चष्मा वर केला. म्हणाले, “ताई, ह्ये माझं न्हाईत. ह्यातनं माल भरायचा हाय की.”

मग त्यांनी वहीच्या पाठीमागे मांडून दाखवलं. 7,400 मधले 1,150 ही जुन्या उधारीची वसुली. तो माल मागेच विकलेला, त्यावरचा नफा तेव्हाच धरलेला. म्हणजे आजच्या विक्रीचे हातात आलेले पैसे 6,250. त्याशिवाय 900 रुपयांचा माल आज उधारीवर गेला. विक्री झाली 7,150 ची. त्यांच्या दुकानात सगळा माल मिळून शंभराला सरासरी दहा सुटतात, म्हणजे नफा 715. दुकानभाडं आणि लाइटबिल मिळून महिन्याला 6,000 जातात. दर सोमवारी दुकान बंद, म्हणून सव्वीस दिवसांत वाटले तर रोजचे सुमारे 230. घरी न्यायला उरले 485 रुपये.

पडदा म्हणतो 2,400, वही म्हणते 485. एखाद्या नव्या दुकानदाराने पडद्यावर विश्वास ठेवून त्या रात्री दोन हजार घरखर्चाला काढले, तर आठवडाभरात साखरेचं पोतं आणायला पैसे उरणार नाहीत आणि ते कुठे गेले हे त्याला कळणार नाही. दुकान बुडतं ते असं, गल्ला भरलेला दिसत असताना. त्यामुळे हे वाक्य मी निवेदनात घेऊ शकत नाही. मी लिहिलं, ‘आज हातात आले 7,400. यातले मालाचे पैसे आधी बाजूला काढा.’ अ‍ॅपमध्ये मालखरेदीचा वेगळा कप्पा आहे आणि शंभराला किती सुटतात ते भरायची जागाही आहे. दोन्ही तिसऱ्या पडद्यामागे दडलेली आहेत. व्हिडिओ तिथून सुरू व्हायला हवा.

कंपनीचं उत्तर आलं, ‘छान आहे, पण हिरवा आकडा लहान दिसतो.’

चौथी तक्रार तारखेची. मसुद्यात दुकानदार एक तारखेला सगळ्या उधारीवाल्यांना आठवणीचा मेसेज पाठवतो आणि पैसे येतात. मामांच्या वहीतली निम्मी नावं आसपासच्या गावांत म्हशी पाळणाऱ्यांची आहेत. दूध संस्थेचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. उसाचं बिल गाळपानंतर येतं. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात चौदा दिवसांची मुदत लिहिली आहे, तरी वसुली कागदावरच्या मुदतीने होत नाही, खात्यावर पैसे पडल्यावर होते. एक तारखेला मेसेज गेला, तर त्यातल्या एखाद्या बाईच्या हातात पैसे नसतात. ती दुसऱ्या दुकानात जाऊ लागते. अ‍ॅपमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी तारीख ठेवता येते. ती ठेवून दाखवायला मला नऊ सेकंद हवे होते. ते कापून तिथे पैलवान आणि तांबड्या रश्श्याची वाटी घातली, म्हणजे व्हिडिओ कोल्हापूरचा वाटेल. कोल्हापूरचा माणूस दूधबिलाची तारीख बघून व्हिडिओ आपला आहे हे ओळखेल. रस्सा त्याच्या घरी आहेच.

सेकंदांचा हिशेबही सांगते. सावकाश, समजेल असं मराठी बोलायचं तर सेकंदाला दोन शब्द बसतात. नव्वद सेकंदांत एकशे ऐंशी. सुरुवातीचं आणि शेवटचं बोधचिन्ह आठ सेकंद खातं. बोट पडद्यावर आकडे टाइप करत असताना निवेदकाने गप्प राहायचं असतं, नाहीतर बघणारा ना ऐकतो ना बघतो. उरतात एकशे तीस शब्द. त्यात एकच दिवस नीट मांडता येतो. मसुद्यात अकरा सुविधा होत्या.

निघताना मामांनी एकच प्रश्न विचारला, “चुकलं तर?” वहीत चुकलं की ते आडवी रेघ मारतात, शेजारी बरोबर आकडा लिहितात. खोडलेलाही वाचता येतो, म्हणून गिऱ्हाईक वाद घालत नाही. अ‍ॅपमध्ये नोंद पुसली की ती दिसेनाशी होते. पण ‘बदललेल्या नोंदी’ नावाची यादी आहे. ती मला पाचव्या दिवशी सापडली.

नव्या मसुद्यात मी मुद्दाम 900 ऐवजी 9,000 टाइप करायला लावलं आहे. बोट थांबतं, आकडा दुरुस्त होतो, मग ती यादी उघडते आणि जुना 9,000 तिथे दिसतो. बारा सेकंद लागतात. पैलवान काढला तर ते बसतात. मसुदा पाचव्यांदा पाठवला आहे.