तुमची हार, त्यांचा पगार

'भारतातले सर्वोत्तम दहा ऑनलाइन कॅसिनो' असं मोबाईलवर शोधलं, की येणारी पानं एकाच साच्यातली असतात. एक ते दहा क्रमांक, प्रत्येकापुढे 9.8, 9.7, 9.5 असे गुण आणि शेजारी ठळक बटण: 'आत्ता खेळा'. वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी खरोखर पैसे भरले, खेळून पाहिलं, पैसे काढून पाहिले आणि मग हे गुण दिले. माझं म्हणणं असं, की ही यादी कमिशनचं दरपत्रक समजूनच वाचावी.

सगळी गोम त्या बटणात आहे. ते दाबल्यावर तुम्ही थेट कॅसिनोकडे जात नाही. आधी परीक्षण करणाऱ्या साइटचाच `/go/` किंवा `/visit/` असा एक आडपत्ता लागतो आणि तिथून कॅसिनोच्या पत्त्यामागे `btag=` सारखा एक शिक्का चिकटतो. 'हे गिऱ्हाईक अमक्याने पाठवलं' अशी ती नोंद असते. तुम्ही खातं उघडून पैसे भरलेत, की तुमचं नाव त्या साइटच्या खात्यावर चढतं.

पुढचा हिशेब मुख्यतः दोन तऱ्हांनी होतो. एक म्हणजे एकरकमी: पैसे भरणाऱ्या प्रत्येक नव्या खेळाडूमागे ठरलेली रक्कम. दुसरी तऱ्हा महसुलातल्या वाट्याची, आणि खरा प्रश्न तिथे आहे. समजा, तुम्ही वर्षभरात 50,000 रुपये हरलात. बोनस आणि व्यवहारखर्च वजा जाता कॅसिनोकडे 40,000 उरले. वाटा 35 टक्के ठरला असेल, तर 14,000 रुपये त्या परीक्षकाचे. अनेक करारांत हा वाटा तुम्ही खेळत राहाल तोवर चालू राहतो. तुम्ही जिंकलात तर? त्या महिन्यात त्याचा हिशेब उणे जातो, पण ती तूट पुढच्या महिन्यात ओढायची नाही, असं कलमही बऱ्याच करारांत असतं. म्हणजे तुमच्या जिंकण्याचा फटका त्याला फार तर महिनाभर, तुमच्या हरण्याचा फायदा मात्र वर्षानुवर्षं. घर दाखवणाऱ्या दलालाला ते घर जळाल्यावर पैसे मिळणार असतील, तर त्याने दाखवलेलं घर तुम्ही घ्याल का?

आता क्रमवारी कशी वाकते ते पाहा. दोन कॅसिनो धरा. पहिला जिंकलेले पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात टाकतो आणि परीक्षकाला 25 टक्के देतो. दुसरा पैसे काढायची विनंती पाच दिवस लटकवून ठेवतो आणि 45 टक्के देतो. त्या पाच दिवसांत 'विनंती रद्द करा' असं बटण खेळाडूसमोर असतं. रात्री दोन वाजता हात शिवशिवतात, विनंती रद्द होते, जिंकलेले पैसे पुन्हा टेबलावर येतात आणि जातात. ब्रिटनच्या जुगार आयोगाने 2021 मध्ये ही सोय कायमची बंद करायला लावली, कारण ती घातक आहे हे उघड होतं. पण परीक्षकाच्या वहीत हाच दुसरा कॅसिनो दुहेरी फायद्याचा: वाटा मोठा आणि खेळाडूची हारही मोठी. वाचकाच्या दृष्टीने जो कॅसिनो सर्वांत वाईट, तोच पहिल्या क्रमांकावर बसवण्यात परीक्षकाचं भलं. शिवाय काही साइट वरच्या जागा महिन्याच्या ठरावीक भाड्यानेही देतात. तिथे तर गुणांचा प्रश्नच उरत नाही.

हे सगळेच करतात असं मी म्हणणार नाही. काही साइट खेळाडूंच्या तक्रारी घेऊन कॅसिनोंकडे पाठपुरावा करतात, काळ्या याद्याही छापतात. पण पोट कमिशनवर असेल तर तोल कुठे झुकेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

ही मंडळी सर्वांत मोठ्याने ओरडतात ती बोनसबद्दल. '10,000 रुपये मोफत!' खाली बारीक अक्षरांत '40 पट' लिहिलेलं असतं. म्हणजे तो बोनस काढण्याआधी चार लाखांच्या बाज्या लावायच्या. स्लॉट मशीन सरासरी 96 टक्के परत देतं असं धरलं, तरी चार लाखांवर चार टक्के म्हणजे 16,000 रुपये जाणार. दहा हजारांच्या 'मोफत' रकमेसाठी सरासरी सोळा हजारांची खोट! चौथीतल्या मुलाला जमेल असा हा गुणाकार परीक्षणात का नसतो? कारण तो केला की बटण कुणी दाबणार नाही.

हा मामला कुठवर जाऊ शकतो, ते ब्रिटनमध्ये 2017 साली दिसलं. कर्जात बुडालेला, बायको आजारी असलेला एक माणूस ऑनलाइन कॅसिनोत जिंकून सगळ्यातून सुटला, अशी बनावट बातमी कमिशनवाल्यांनी छापली होती. तिथल्या जाहिरात मानक प्राधिकरणाने त्या जाहिरातींना चाप लावला आणि लॅडब्रोक्स, 888 यांसारख्या कंपन्यांनाच त्यांसाठी उत्तरदायी धरलं. 'ते आम्ही लिहिलं नाही, आमच्या भागीदाराने लिहिलं' ही सबब चालली नाही. त्याच वर्षी बीजीओ या कंपनीला जुगार आयोगाने स्वतःच्या आणि भागीदारांच्या साइटवरच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल तीन लाख पौंड दंड केला. माल विकणाऱ्याला धरलं की दलालही सुधारतो, हे तिथे कळलं.

अशी यादी समोर आली, तर ओळखायच्या खुणा अवघड नाहीत. दहाही कॅसिनोंना नऊच्या वर गुण आहेत का? उणिवांच्या रकान्यात 'फोनवर मदत नाही' यापलीकडे काही आहे का? पैसे काढून पाहिल्याची तारीख, रक्कम आणि लागलेला वेळ लिहिला आहे का? कमिशन न देणारा एक तरी कॅसिनो यादीत सापडतो का? देश बदलून तेच पान उघडलं तर पहिला क्रमांक बदलतो का? 'आम्हाला कमिशन मिळू शकतं, पण त्याचा आमच्या मतावर परिणाम होत नाही' हे वाक्य तळाशी हटकून असतं. पहिला अर्धा भाग कबुली आहे, ती खरी माना. दुसऱ्या अर्ध्याला पुरावा मागा.

आपल्याकडे तर मुद्दा आणखी सरळ आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे आणि त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तरी रुपयांत बोनस आणि यूपीआयने पैसे भरायची सोय दाखवत, कुरसावचा परवाना मिरवणाऱ्या कॅसिनोंच्या याद्या भारतीय वाचकासाठी लिहिल्या जातात. तिथे पैसे अडकले तर दाद मागायची कुठे, हे त्या यादीत नसतं. ज्या पानावरच्या बटणातून लिहिणाऱ्याला पैसे मिळतात, ते पान परीक्षण नव्हे, जाहिरात आहे, आणि कायदा राबवणाऱ्यांनी त्याकडे जाहिरात म्हणूनच पाहावं. घरातलं कुणी अशी यादी वाचताना दिसलं, तर त्याच्याशेजारी बसा आणि तो 40 पटीचा गुणाकार त्याच्याकडूनच करून घ्या.